गप्प बसणारा ई

चौथीतल्या त्या मुलीची वही अजून माझ्याकडे आहे. परत द्यायची राहून गेली, आणि पुढे तिनेही मागितली नाही. त्या वहीत एका पानावर ‘हॅव्ह’, ‘गिव्ह’ आणि ‘लिव्ह’ असे तीन इंग्रजी शब्द एकाखाली एक लिहिले आहेत. प्रत्येकाच्या शेवटी खोडरबराने घासून कागद पातळ झालेला आहे. तिथे आधी ई हे अक्षर होतं. बाजूला माझी लाल बरोबरची खूण आहे. मी खूण केली तेव्हा शब्द बरोबर होते. नंतर तिने ते खोडून चुकीचे केले, आणि तसं करायला मीच तिला शिकवलं होतं.

जासईच्या पुढे, कंटेनर यार्डांच्या मागे असलेल्या एका गावात माझी जिल्हा परिषदेची मराठी शाळा. मी राहते खांदेश्वरला. रोज सकाळी ट्रेलरच्या रांगांमधून रिक्षा वाट काढत जायची आणि मी मनात दिवसाचं गणित मांडत बसायची. तिसरी आणि चौथी दोन्ही वर्ग माझ्याकडे, एकाच खोलीत. त्या वर्षी पट फार घसरला होता. द्रोणागिरीच्या बाजूला इंग्रजी शाळा झाल्या, व्हॅन दारात येऊ लागली, आणि पालक मला सरळ विचारायचे, “बाई, तुमच्याकडं विंग्लिश येतं का पोरांना?”

येत नव्हतं. म्हणजे बोलायला थोडं यायचं, लिहायला नाही. मुलं कानाला ऐकू येईल तसं लिहायची. आपण मोबाइलवर मराठी निरोप इंग्रजी अक्षरांत लिहितो ना, तसं. ‘नेम’ म्हणजे एन-ई-एम. ‘केक’ म्हणजे के-ई-के. ‘लाइक’ म्हणजे एल-ए-आय-के. त्यांचं चुकत होतं असं म्हणायलाही मन होत नसे. मराठीत जे बोलतो ते लिहितो. शेवटी एक अक्षर लिहायचं आणि ते उच्चारायचंच नाही, हे त्यांना फसवणुकीसारखं वाटायचं.

मी स्वतः मराठी शाळेतली. लहानपणी स्पेलिंगं ओरडून ओरडून पाठ केली आणि अजूनही इंग्रजी अर्ज लिहिताना माझा हात दोनदा थांबतो. ते या मुलांच्या वाट्याला येऊ नये म्हणून एका सकाळी रिक्षातच मी ओळी जुळवायला लागले. शाळेत पोचेपर्यंत गाणं तयार होतं.

शेवटी बसला ई गप्प गप्प,
तोंडाचं दार त्याचं ठप्प!
एक घर सोडून पलीकडं बघतो,
“नाव सांग तुझं,” खुणेनं म्हणतो.
केकमधला ए सांगतो ‘ए’,
गेटमधला पण तोच रे!
बाइकमधला आय सांगतो ‘आय’,
ई नसता तर झालं असतं काय?
रोपमधला ओ सांगतो ‘ओ’,
ट्यूबमधला यू येतो हो!
ई काही बोलत नाही, ई मुका,
पण लिहायला त्याला विसरू नका!

मुलांनी ते दोन दिवसांत उचललं. बाकावर बोटं आपटत म्हणायची. ‘मुका’ आला की सगळी तोंडावर हात ठेवायची. आणि खरंच, आठवड्याभरात ‘नेम’ला ई लागला, ‘होम’ला लागला, ‘टाइम’ला लागला. शाळेसमोर ट्रेलर थांबायचे, त्यांच्या कंटेनरच्या दारावर पांढऱ्या अक्षरांत वजन, माप लिहिलेलं असतं. चौथीतली ती मुलगी मधल्या सुट्टीत धावत आली.

“बाई, सी-यू-बी-ई! क्यूब! त्याच्यात पन ई गप्प हाय!”

तिची आई यार्डाच्या गेटपाशी चहाची टपरी चालवायची. शाळा सुटली की मुलगी तिथेच बसून येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरवर ई शोधायची. असं शोधणारं मूल मला बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं.

मग केंद्रप्रमुख आले. आमच्या भागातल्या बारा शाळा त्यांच्या देखरेखीखाली. त्यांनी गाणं ऐकलं आणि खुर्चीतून उठलेच. “बाई, रेकॉर्ड करा. आत्ता. मी ग्रुपवर टाकतो.” मी वर्गात उभी राहून म्हटलं, मागे मुलांचा कोरस. संध्याकाळपर्यंत बारा शाळांच्या शिक्षकांकडे ते पोचलं. हेडसरांनी शाळेच्या फळ्यावर लिहिलं, ‘आमचे गाणे, केंद्राचे गाणे’. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच दिवसापासून एक बारीक चुटपुटही लागली होती. काय ते कळत नव्हतं. गाणं पुन्हा पुन्हा लावून ऐकायची. काहीतरी विसरलंय, एवढंच वाटत राहायचं. नवरा म्हणाला, “तू उगीच टेन्शन घेतेस. लोक कौतुक करतायत ना?”

जानेवारीत केंद्राची शब्दलेखन स्पर्धा झाली. बारा शाळांची मुलं, केंद्रशाळेच्या मोठ्या खोलीत सतरंजीवर बसलेली. परीक्षक शब्द सांगणार, मुलाने पुढे येऊन फळ्यावर लिहायचा. चुकला की बाहेर. आमची मुलगी सगळ्या फेऱ्या पार करत शेवटच्या तिघांत आली. मी मागे भिंतीला टेकून उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

परीक्षक म्हणाले, “तिघांनाही एकच शब्द. एकमेकांचं बघायचं नाही. गिव्ह. गिव्ह म्हणजे देणे.”

सोपा शब्द. मी श्वास सोडला. दुसरीपासून येतो तिला.

फळ्याचे तीन भाग केले होते. आमच्या मुलीने लिहिलं, जी-आय-व्ही. थांबली. ओठ हलत होते, गाणं म्हणत होती. मग खडू खाली ठेवला. मधल्या मुलाने लिहिलं, तेही जी-आय-व्ही. तिसरी मुलगी डोंगरापलीकडच्या दोन शिक्षकी शाळेतली होती. तिने जी-आय-व्ही-ई लिहिलं आणि जागेवर जाऊन बसली.

परीक्षकांनी दोन शब्दांवर फुल्या मारल्या. मुलगी हलली नाही.

“सर, बरोबर हाय माजं.”

“नाही बाळा. शेवटी ई येतो.”

“ई आला असता तर आयनी आपलं नाव सांगितलं असतं. गाइव्ह झालं असतं. गाइव्ह कुठं म्हनतो आपन?”

खोलीत हसू पसरलं. परीक्षकही हसले, प्रेमानेच, पण हसले. मला मात्र हसू येईना. पायाखालची सतरंजी गरम झाल्यासारखी वाटली. चुटपुट कशाची होती ते तेव्हा कळलं. माझ्या गाण्यात कुठेही म्हटलं नव्हतं की हे सगळ्या ई-ला लागू नाही. तिने गाणं पुरतं मानलं होतं. आय नाव सांगत नाही, म्हणजे ई नाही. यात तिचं चुकलं कुठे?

मुलगी माझ्याजवळ आली. रडत नव्हती.

“बाई, मंग गानं खोटं हाय?”

मी म्हणाले, “अर्धं आहे.”

परतताना तिला सोडायला मी टपरीवर गेले. आईने ग्लास विसळता विसळता सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “तुमी शिकवलं तसंच तिनं लिवलं ना?”

“हो.”

“मंग चुकली कोन?”

मी म्हटलं, “मी चुकले.” तिने मान हलवली आणि माझ्यासमोर चहा ठेवला. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या वह्या काढल्या. तेव्हा ते खोडलेलं पान दिसलं. तिचंच नाही, चौथीतल्या आणखी पाच जणांनी ‘हॅव्ह’चा ई काढून टाकला होता. पाठ असलेले शब्द माझ्या गाण्याने विसरायला लावले होते. आणि गाणं बारा शाळांत होतं, माझ्याच आवाजात.

मी ग्रुपवर निरोप टाकला, की गाण्यात त्रुटी आहे, हे हे शब्द वेगळे आहेत, कृपया मुलांना सांगावे. त्यावर तीन अंगठे आले, एक नमस्कार आला, आणि लगेच खाली कोणीतरी शाळेच्या भाजीबागेचे फोटो टाकले. निरोप वर सरकून गेला. हेडसर म्हणाले, “बाई, गाणं गाजतंय. कोणी तक्रार केलीय का? मग आपणहून कशाला ओरडायचं?”

त्यांना पटाची काळजी होती, ते मला दिसत होतं. पण मला एका जागी बसवत नव्हतं. वर्गात शिकवताना मध्येच थांबायची. भाजी निवडताना शब्द आठवायची आणि देठ ताटात, पानं कचऱ्यात जायची. मुलांना सांगू काय? हॅव्ह, गिव्ह, लिव्ह पाठ करा, एवढंच? कारण काय? मलाच कुणी कधी सांगितलं नव्हतं.

कारण त्या मुलीने काढलं. चार-पाच दिवस ती वर्गात हात वर करत नव्हती. मग एका दुपारी टपरीवरच्या बिस्किटाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा घेऊन आली. त्यावर बॉलपेनाने चार शब्द लिहिले होते: हॅव्ह, गिव्ह, लिव्ह, लव्ह. पुस्तकात बघून, ई सकट.

“बाई, ह्यांच्यात ई फुकट बसलाय. पन बघा ना, सगल्यांत त्याच्या आदी व्ही हाय.”

मी पुठ्ठा हातात धरून बसले. खरंच की. मग मी तिला विचारलं, “व्हीवर संपणारा एक तरी शब्द तुला माहीत आहे? शेवटी नुसता व्ही, पुढे काही नाही?”

ती विचार करायला लागली. मीही. आम्ही दोघींनी पहिलीपासून चौथीपर्यंतची इंग्रजीची पुस्तकं काढली आणि पान पान उलटलं. बाकीची मुलं भोवती जमली. फाइव्हला ई. ट्वेल्व्हला ई. मूव्ह, ड्राइव्ह, अबव्ह, सगळीकडे ई. नुसता व्ही कुठेच नाही. सुटीची घंटा झाली तरी कोणी उठेना. मी सांगितलं, “उद्या सकाळपर्यंत शोधून आणा. बोर्ड, पाकिटं, ट्रक, काहीही. सापडला तर मला दाखवा.”

सकाळी एक जण फाटकापासूनच ओरडत आला. “सापडला! सी-सी-टी-व्ही!”

वर्गात गोंधळ उडाला. यार्डाच्या भिंतीवर तशी पाटी आहे, सगळ्यांनी पाहिलेली. मी क्षणभर गडबडलेच. मग त्या मुलीनेच त्याला झापलं, “तो शब्द नाय, ती अक्षरं हायत. चारी वेगली वेगली म्हनतो ना आपन?” तिचं बरोबर होतं. दुसऱ्या एकीने नाक्यावरच्या वाहतुकीच्या पाटीवरून ‘गिव्ह वे’ उतरवून आणलं होतं, ई सकट.

मी घरी जाऊन शब्दकोश चाळला. काही तोडलेले, बोलण्यातले शब्द व्हीवर संपतात, पण मुलांच्या नेहमीच्या शब्दांत एकही नाही. इंग्रजी शब्द शेवटी व्हीला उघडा सोडत नाही, एवढी साधी गोष्ट. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती मला एका चौथीतल्या मुलीमुळे कळली.

गाण्याला ओळ हवी होती. मी तीन-चार केल्या, मुलांना आवडल्या नाहीत. शेवटी तिने सुचवली:

व्ही भितो एकटा शेवटाला,
ई जातो त्याच्या सोबतीला!

तीच ठेवली. ‘फाइव्ह’ आणि ‘ड्राइव्ह’मध्ये ई दोन्ही कामं करतो, आयला नाव सांगायला लावतो आणि व्हीला सोबतही देतो, हे मी उदाहरणं देऊन सांगितलं. मग कोणीतरी विचारलं, “आणि ‘कम’? सी-ओ-एम-ई. ओ तर ‘ओ’ म्हणत नाही.” ‘सम’ आलं, ‘वन’ आलं, ‘डन’ आलं. तिथे व्हीसुद्धा नव्हता. या वेळी मी घाई केली नाही. म्हणाले, “यांचं मला माहीत नाही. हे वेगळे ठेवू.” मागच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला आणि वर लिहिलं, ‘गाण्याचं न ऐकणारे’. मुलं रोज एखादा शब्द आणून त्यात घालायला लागली.

आता उरल्या अकरा शाळा. नवं रेकॉर्डिंग टाकलं, पण जुनंही फिरत होतंच. जे एकदा लोकांच्या फोनमध्ये उतरलं ते मी कसं काढणार? मग दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, मी एकेका शाळेत फोन करून जायला लागले. फोनवर सांगताना लाज वाटायची. “मी त्या गाण्याच्या बाई. तुमच्या वर्गात दहा मिनिटं येऊ का?”

सगळीकडे स्वागत झालं असं नाही. एका शाळेतल्या सरांनी दारातच विचारलं, “म्हणजे आम्ही मुलांना चुकीचं शिकवतो, असं म्हणायचंय का तुम्हाला?” मी म्हटलं, “नाही सर, मी चुकीचं दिलं.” त्यांनी वर्गात येऊ दिलं, पण स्वतः पाठ फिरवून हजेरी भरत बसले. दुसऱ्या एका शाळेत पोरं गाणं म्हणायला लागली तेव्हा मी ऐकतच राहिले. ‘ई काही बोलत नाही, ई मुका’ याचं तिथे ‘ई बोका’ झालं होतं, आणि शेवटी सगळा वर्ग म्याव करत होता. तिथल्या बाई ओशाळल्या. मला मात्र त्या महिन्यात पहिल्यांदा खळखळून हसू आलं. बोका असला तरी ‘केक’ला ई लागत होता.

सगळ्यात शेवटी मी डोंगरापलीकडच्या त्या दोन शिक्षकी शाळेत गेले, जिथल्या मुलीने स्पर्धा जिंकली होती. तिथे जायचं मी टाळतच होते. तिथल्या बाई माझ्याहून लहान, तिशीतल्या. मी विचारलं, “तुम्ही माझं गाणं शिकवलं नाहीत का?”

त्या संकोचल्या. “बाई, राग मानू नका. इथे नेटला रेंज नाही. ते उतरलंच नाही फोनमध्ये.”

“मग कसं शिकवता?”

त्यांनी मुलांना उभं केलं. फळ्यावर ‘गिव्ह’ लिहिलं आणि मुलांनी ते मराठी वाचतात तसं, एक अक्षर न सोडता वाचलं: “गि-व्हे!” मग ‘हॅव्ह’: “हा-व्हे!” ‘कम’: “को-मे!” ‘फ्रेंड’: “फ्रि-एंड!” मुलं हसत होती आणि हसत हसत लिहीत होती. बोलताना बरोबर बोलायचं, लिहिताना मनात असं वाचायचं. मराठी मुलाला जे येतं, म्हणजे लिहिलेलं सगळं वाचणं, त्याचाच त्यांनी उपयोग केला होता.

मी तिथेच खाली बसले आणि शब्द उतरवून घेतले. ‘गाण्याचं न ऐकणारे’ जेवढे होते त्यांना हीच युक्ती लागू होती. ‘सो-मे’, ‘डो-ने’. निघताना मी त्यांना गाणं कागदावर लिहून दिलं, व्हीच्या ओळीसकट. त्यांनी विचारलं, “ही ओळ फार छान आहे. तुमचीच?” मी सांगितलं कोणाची ते.

वर्षाच्या शेवटी मी सगळ्या वर्गाचं श्रुतलेखन घेतलं तेव्हा तिसरीतले दोघे सोडून सगळ्यांचे ‘हॅव्ह’ आणि ‘गिव्ह’ बरोबर आले. ते दोघे अजून विसरतात, मी अजून त्यांच्या मागे लागते. केंद्रात काही ठिकाणी जुनंच गाणं चालू आहे हे मला माहीत आहे. मध्येच एखाद्या मुलाचं ई नसलेलं ‘हॅव्ह’ दिसलं की मी तिथेच ई लिहून देते, मग ते मूल माझ्या शाळेचं नसलं तरी.

त्या मुलीने पाचवीला हायस्कूल धरलं. स्पर्धेबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. जूनमध्ये शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील, एका सकाळी ती नव्या गणवेशात आमच्या फाटकापाशी उभी होती.

“बाई, ‘हाऊस’ला शेवटी ई कशाला हाय? व्ही नाय, कोन नाव सांगत पन नाय.”

मी डोकं खाजवलं. “मला माहीत नाही गं. सोमवारपर्यंत बघून सांगते.”

“मला वाटलंच तुमाला म्हाईत नसल,” ती म्हणाली. “हायस्कूलच्या सरांना पन विचारलं. ते म्हनले, इंग्रजांना विचार.” आणि दप्तर सावरत ट्रेलरच्या कडेकडेने निघून गेली.

मी वर्गात गेले. हजेरी घेण्याआधी शब्दकोश उघडला.